मदत हवी आहे: कर्जमाफीच्या नावाने ओटीपी घेतला, गोठवलेले पैसे कसे सोडवायचे?

काकांना फोन आला, "कर्जमाफीच्या यादीत नाव आहे, आधार प्रमाणीकरणासाठी ओटीपी सांगा." २०१९ च्या योजनेत प्रमाणीकरणाला केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागला होता, फोनवर काहीच नव्हतं. पण समोरच्याला गट नंबरसुद्धा माहीत होता, म्हणून काकांनी सांगितला. बचत खात्यातून १८ हजार गेले.

तासाभरात १९३० वर तक्रार केली, पोच क्रमांक मिळाला. बँकेतही लेखी दिलं, खात्यातले व्यवहार थांबवले. ११ हजार पुढच्या खात्यात गोठवलेत, असं पोलीस सांगतात. बँक म्हणते, कोर्टाचा आदेश आणा. एफआयआर झालेला नाही, फक्त ऑनलाइन तक्रार आहे.

एवढ्यावर तालुका न्यायालयात अर्ज करून कुणी रक्कम सोडवली आहे का? सोबत कोणती कागदपत्रं लागली?