मदत हवी आहे: सूचीत दोन भास्कराचार्य एकत्र येतात

पोथीवेडी: लीलावतीकार भास्कराचार्यांवर लेख लिहितेय. पुण्यातल्या एका ग्रंथालयाच्या कोहा सूचीत `au:भास्कराचार्य` टाकलं, तर लीलावती आणि महाभास्करीय दोन्ही एकाच नावाखाली आली, नावापुढे १११४. महाभास्करीय तर सातव्या शतकातलं! मी ते जवळजवळ यांच्याच नावावर लिहून टाकलं होतं. हे दोघे वेगळे कसे काढायचे?

पेठकर: सोपं आहे, डावीकडे सालाची चाळणी लावा.

जुना_ग्रंथपाल: पेठकर, ते साल छपाईचं असतं. पुण्यातल्या आनंदाश्रमानेच लीलावती १९३७ला आणि महाभास्करीय १९४५ला छापलं. चाळणीला दोघेही विसाव्या शतकातलेच.
ताई, नोंद उघडून `MARC view` बघा. १०० क्षेत्रात `$a` म्हणजे नाव, `$d` म्हणजे जन्ममृत्यूची सालं. नोंद करताना नाव टाइप केलं की आधीची तयार नावं समोर येतात. घाईत पहिलं निवडलं की सातव्या शतकातलं पुस्तक १११४च्या माणसाला चिकटतं. म्हणून नावावरून शोधूच नका, ग्रंथावरून शोधा:

```
ti:महाभास्करीय
ti:लघुभास्करीय
ti:आर्यभटीय
```

पहिले दोन ग्रंथ थोरल्या भास्कराचे. आर्यभटीयात मूळ आर्यभटाचं, भास्कराचं फक्त भाष्य (इ.स. ६२९), म्हणून तिथे त्यांचं नाव ७०० क्षेत्रात सापडेल. लीलावती, बीजगणित, सिद्धांतशिरोमणी, करणकुतूहल धाकट्याचे. ‘भाष्य’ शब्दावर मात्र विसंबू नका, सिद्धांतशिरोमणीवर धाकट्यानेही स्वतःच वासनाभाष्य लिहिलंय.
सिद्धांतशिरोमणी हातात आलं तर आतला श्लोक बघा. धाकट्याने स्वतःच जन्मसाल सांगितलंय: ‘रसगुणपूर्णमही’. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १, उलटं वाचा, शके १०३६. म्हणजेच १११४.

अभंगप्रेमी: माझंही असंच अडलंय. संत नामदेव आणि विष्णुदास नामा, दोघांमध्ये दोनेक शतकांचं अंतर. `$d` बघून सुटेल?

जुना_ग्रंथपाल: पुस्तकाच्या पातळीवर थोडंफार. गाथेच्या आत दोघांचे अभंग मिसळलेत आणि ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा संतांच्या अभंगांतही येते. ते काम सूचीचं नाही, अभ्यासकांचंही अजून एकमत नाही.

पोथीवेडी: काका, `ti:` ने महाभास्करीयाची नोंद मिळाली, चूक तिथेच आहे. नोंदीचा क्रमांक ग्रंथालयाला कळवते. एकच कार्ड उरलंय, त्यावर नुसतं ‘भास्करभाष्य’, साल नाही.

जुना_ग्रंथपाल: थांबा, तो तिसराच भास्कर असू शकेल, ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिणारा. वर्गांक काय? १८१ने सुरू होत असेल तर वेदान्त, ५२०च्या आसपास असेल तर ज्योतिष.

पोथीवेडी: कार्डाचा तो कोपरा फाटलाय. उद्या कपाटातून पुस्तकच काढायला सांगते.