टॉवेलचा पुंजका मोठा, म्हणून नक्षी जास्त?

होटगी रोड (मूळ पोस्ट): सोलापुरी मालाच्या २,००० फोटोंचे वेक्टर, म्हणजे प्रत्येक फोटोचे आकडे, टी-एसएनईवर टाकून सपाट चित्र काढलं; त्यात सारखे फोटो जवळ येतात. टॉवेलचा पुंजका मोठा, म्हणजे टॉवेलात विविधता जास्त. चादरीचा लहान, म्हणजे चादरी सगळ्या एकसारख्या. नॅपकिन दोघांपासून लांब, म्हणजे तो वेगळाच माल. पटतंय का?

सुजाता: नाही पटत. परप्लेक्सिटी ३० दिली की टी-एसएनई प्रत्येक ठिपक्याभोवतीचा घेर असा ठरवतं की त्याला साधारण ३० शेजारी मिळावेत. दाटीत घेर लहान, विरळ जागी मोठा. मूळ वेक्टरांमधला घट्ट-सैल हा फरक तिथेच पुसला जातो. मग पुंजक्याची व्याप्ती मुख्यतः ठिपक्यांच्या संख्येवर जाते. टॉवेलचे फोटो किती आहेत?

होटगी रोड: १,३००. चादरी ५००, नॅपकिन २००.

सुजाता: मग झालं की! विविधता बघायची तर मूळ ५१२ आकडी वेक्टरांवर प्रत्येक गटातलं आपापसातलं सरासरी अंतर काढा. आणि नॅपकिनचं म्हणाल, तर जवळचे शेजारी तोडले की दंड मोठा बसतो, पण लांबचे गट किती लांब ठेवायचे याची फारशी पर्वा होत नाही. `random_state` बदलून चालवा, नॅपकिन जागा बदलेल:

```python
TSNE(perplexity=30, init="random", random_state=7)
```

रेल्वे लाइन्स: रँडमने चालवलं तर हलणारच ओ. `init="pca"` द्या, चित्र स्थिर राहतं. मग अंतर वाचायला काय हरकत?

सुजाता: स्थिर राहतं, खरंय. कोबाक आणि बेरेन्स यांनी २०१९ मध्ये तेच सुचवलं होतं, कुठला गट कुठल्या बाजूला हे त्याने बरंचसं टिकतं. पण दरवेळी तेच चित्र आलं म्हणून पट्टी लावून अंतर मोजता येत नाही.

मागवाला: चादरी एकसारख्या? आमच्या आजोबांनी जेकार्डचे पत्ते ठोकण्यात जन्म घातला. बाहेरचा पातळ माल ‘सोलापुरी’ म्हणून खपतो, जीआय मानांकन असून कुणी विचारत नाही, आणि वर हे ऐकायचं!

रेल्वे लाइन्स: दादा, विषय आलेखाचा आहे.

मागवाला: आलेख फोटोंचाच ना? दुकानात चादर घडी घालून प्लॅस्टिकात असते. मधली नक्षी दिसते तरी का? पदर मोजून ‘एकसारख्या’ म्हणता. टॉवेल मात्र उलगडून टांगलेला.

सुजाता: हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. फोटो बघा.

होटगी रोड: बहुतेक चादरी घडीच्याच आहेत. तरी सरासरी अंतर काढलं: चादरी ०.४१, टॉवेल ०.३३. उलटंच निघालं, वाक्य मागे घेतो. नॅपकिन मात्र वेगळा आहे, असं मला अजून वाटतं.

सुजाता: असेलही. गटांच्या सरासरी वेक्टरांमधली अंतरं टाका, मग बोलू. चित्रावरून नको.

मागवाला: आधी चादरी उलगडून फोटो काढा, मालक. तोवर ०.४१ पण मी मानत नाही.