मदत हवी आहे: प्रभागसीमांच्या डिजिटल फाइली मागणाऱ्या पत्रात फाइलचे स्वरूप आणि निर्देशांक प्रणाली कशी लिहावी?

वॉर्ड_लिपिक (धागाकर्ता)

नमस्कार. मी एका वॉर्ड कार्यालयात काम करतो. वॉर्ड अधिकाऱ्यांच्या सहीने नगररचना विभागाकडे जाणाऱ्या एका पत्राचा मसुदा माझ्याकडे आला आहे. आमच्या कार्यालयाच्या हद्दीत येणाऱ्या प्रभागांच्या सीमा संगणकावर हव्या आहेत, कारण नाले, तक्रारी आणि सफाईची क्षेत्रे प्रभागनिहाय मोजायची आहेत. यापूर्वी "नकाशाची सॉफ्ट कॉपी" असे मोघम लिहून मागणी केली तेव्हा पीडीएफ मिळाली. नंतर "ऑटोकॅड फाइल" मागितली तेव्हा डीएक्सएफ मिळाली, पण तिच्यात प्रभाग क्रमांक केवळ रेषांच्या शेजारी लिहिलेला मजकूर म्हणून होते आणि उपग्रह चित्रावर ती फाइल कुठेच बसेना. मसुद्यातले मुख्य वाक्य सध्या असे आहे:

> "उपरोक्त प्रभागांच्या सीमा शेपफाइल स्वरूपात व डब्ल्यूजीएस ८४ निर्देशांक प्रणालीत उपलब्ध करून द्याव्यात, ही विनंती."

एवढे पुरेसे आहे का? काय कमी आहे, ते कृपया सांगावे.

पायवाट

माझ्या मते सरळ केएमएल मागावी. केएमएलमध्ये निर्देशांक नेहमी डब्ल्यूजीएस ८४ च्या अक्षांश-रेखांशातच असतात, त्यामुळे प्रणालीचा उल्लेख करण्याची गरजच उरत नाही आणि फाइल कोणत्याही संगणकावर उघडते.

सीमारेषा

पायवाट यांचे केएमएलच्या प्रणालीबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यामुळे प्रश्न सुटत नाही. कुणीतरी मूळ फाइलवरून ती केएमएल तयार करणार, आणि त्या रूपांतरात चूक झाली तर ती तुमच्यापर्यंत दिसेनाशी होऊन पोहोचेल.

आधी मसुद्याकडे पाहू. "डब्ल्यूजीएस ८४" एवढेच लिहिले तर त्याचे किमान तीन अर्थ निघतात. समजा तुमच्या हद्दीतला एखादा बिंदू ७३.८५ रेखांश व १८.५ अक्षांशावर आहे. अंशांच्या फाइलमध्ये हेच दोन आकडे दिसतील. यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात त्याच बिंदूचे आकडे साधारण ३,७८,६०० आणि २०,४६,००० मीटर असतील. वेबवरच्या नकाशांच्या मर्केटर प्रणालीत ते सुमारे ८२,२१,००० आणि २०,९६,००० असतील. तिन्हींच्या नावात डब्ल्यूजीएस ८४ येते, म्हणून पत्रात कोड लिहावा: अंशांसाठी EPSG:4326, यूटीएम ४३ उत्तरसाठी EPSG:32643 आणि वेब मर्केटरसाठी EPSG:3857.

तुमचे काम क्षेत्रफळाचे असल्याने हा फरक कागदापुरता राहत नाही. १८.५ अक्षांशावर वेब मर्केटरमधले सपाट क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी फुगते, म्हणजे २ चौरस किलोमीटरचा प्रभाग २.२२ चौरस किलोमीटरचा दिसतो. त्याच बिंदूपाशी यूटीएममधली चूक एका टक्क्याच्या दशांशाहूनही कमी असते. आकृती डोळ्यांना अगदी योग्य दिसत असल्याने सफाईचे वाटप चुकले आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

नवा_सदस्य

माझा भूखंड कोणत्या झोनमध्ये आहे याचा दाखला याच विभागाकडून मिळतो का? अर्ज कसा करावा?

वॉर्ड_लिपिक

आपला प्रश्न विकास आराखड्यातील झोनचा आहे, येथील विषय प्रभागसीमांचा आहे. कृपया त्यासाठी वेगळा धागा काढावा, तेथे आपल्याला अधिक चांगले उत्तर मिळेल.

सीमारेषा, आपले आभार. मग "सर्व फाइली EPSG:32643 मध्ये रूपांतरित करून द्याव्यात" असे लिहू का?

पूर्वेकडची_नगरपरिषद

आमचा अनुभव सांगते. आम्ही दुसऱ्या कार्यालयाच्या पत्राची नक्कल केली आणि त्यातला 32643 हा कोड तसाच राहिला. आमचे रेखांश ७९ च्या पुढे आहेत. ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंशांचा असतो आणि त्यापुढे ४४ वा पट्टा म्हणजे EPSG:32644 येतो. फाइल योग्य जागी उघडत होती, त्यामुळे बराच काळ कुणाला शंका आली नाही. लांबी-क्षेत्रफळात मात्र पट्ट्याबाहेर जावे तशी चूक वाढत जाते. कोड लिहिण्याआधी आपले रेखांश पाहून घ्यावेत.

सीमारेषा

रूपांतराची मागणी मी करणार नाही. पत्र वाचून विभागातला कर्मचारी बहुधा क्यूजीआयएस उघडेल आणि थराची प्रणाली बदलेल. तेथे दोन वेगळ्या क्रिया आहेत. Set Layer CRS केल्याने थराला फक्त नवे नाव लागते, आकडे तेच राहतात. Save Features As करून नवी प्रणाली निवडली तरच आकडे खरोखर बदलतात. पहिली क्रिया करून त्याच नावाने जतन करून पाठवलेली फाइल पत्राच्या अटीत अचूक बसते आणि तरीही चुकीची असते.

मूळ नकाशा जुन्या एव्हरेस्ट आधारावर असेल आणि त्याला डब्ल्यूजीएसचे नाव लावले, तर सगळ्या सीमा एकाच दिशेने शंभर मीटरच्या घरात सरकतात. एवढ्या फरकाने रस्त्यालगतच्या घरांची एक अख्खी ओळ दुसऱ्या प्रभागात जाऊ शकते. म्हणून फाइल मूळ प्रणालीतच मागावी, त्या प्रणालीचे नाव लेखी मागावे, आणि सोबत जमिनीवर ओळखता येतील अशा तीन बिंदूंचे, म्हणजे चौक किंवा पुलाचे टोक यांचे, त्याच फाइलमधील निर्देशांक मागावेत. ते बिंदू तुम्ही उपग्रह चित्रावर ताडून पाहू शकता. तिन्ही बिंदू एकाच दिशेने सारखेच सरकलेले दिसले तर आधार चुकला आहे असे समजावे.

आराखडा_विभाग

मी अशाच एका विभागात काम केले आहे आणि येथे माझे मत वेगळे आहे. "मूळ प्रणालीत द्या" असे लिहिले की पुष्कळदा उत्तर येते, "मूळ फाइल कॅडमध्ये आहे, प्रणाली नमूद नाही." डीएक्सएफमध्ये प्रणालीची नोंद सहसा नसतेच, त्यामुळे हे उत्तर खोटेही नसते. तुमची अडकलेली फाइलही बहुधा याच कारणाने जागेवर बसत नाही. ठरावीक कोड मागितला तर निदान विभागाला तो प्रश्न स्वतःपुरता सोडवावा लागतो.

वॉर्ड_लिपिक

दोन्ही मते विचारात घेऊन वाक्य पुढीलप्रमाणे बदलले आहे. आमचे रेखांश ४३ व्या पट्ट्यात येतात, याची खात्री केली आहे.

> "प्रभागांच्या सीमा बंद बहुभुजांच्या रूपात, प्रत्येक बहुभुजास प्रभाग क्रमांक व नाव ही माहिती जोडून, जिओपॅकेज (.gpkg) स्वरूपात द्याव्यात. मूळ फाइल ज्या निर्देशांक प्रणालीत आहे त्या प्रणालीतील एक प्रत व EPSG:32643 मध्ये रूपांतरित केलेली एक प्रत, अशा दोन प्रती द्याव्यात. मूळ प्रणालीचे नाव व आधार लेखी कळवावा. तो ज्ञात नसल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. सोबत तीन ओळखचिन्हांचे निर्देशांक द्यावेत."

शेपफाइल वगळली, कारण तिच्यात रकान्याचे नाव दहा अक्षरांपुरते मर्यादित असते आणि .dbf मधील देवनागरी नावे उघडताना बिघडलेली आम्ही पाहिली आहेत.

सीमारेषा

दोन प्रतींचा तोडगा योग्य आहे. फाइल आल्यावर ही आज्ञा चालवून प्रणालीचे नाव आणि Extent मधले आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहावे:

```
ogrinfo -so prabhag.gpkg prabhag
```

नाव यूटीएमचे आणि आकडे ७३-१८ असे दिसले, तर फाइलला फक्त नवे नाव लावले गेले आहे.

पायवाट

रूपांतराऐवजी नुसते नवे नावच लागू शकते हे माझ्या ध्यानात आले नव्हते. एक शंका मात्र उरते. सीमा नेमक्या कोणत्या अधिसूचनेच्या हव्यात, हे मसुद्यात कुठेच नाही. प्रभागरचना बदलल्यावर जुनी फाइलही तितक्याच अचूक निर्देशांकांसह येऊ शकते.

वॉर्ड_लिपिक

तो उल्लेख आवश्यक आहे. अधिसूचनेचा दिनांक पत्राच्या विषयातच टाकतो. फाइलमधली रेषा आणि अधिसूचनेतले शब्दांत दिलेले सीमावर्णन जुळले नाही तर कोणते ग्राह्य धरावे, हे वॉर्ड अधिकाऱ्यांना विचारून येथे लिहीन. या बाबतीत कुणाच्या कार्यालयात आधी लेखी निर्णय झाला असेल तर तो कसा शब्दबद्ध केला होता, हे कळवावे.