ग्राफवरच्या रेघेला चढ म्हणायचं, ढाळ म्हणायचं की उतार?

राजेंद्रनगरची मावशी
माझी भाची नववीत आहे, इंग्लिश मीडियम, घरात मात्र आम्ही सगळे मराठीच बोलतो. काल रात्री साडेनऊला तिने वर्कशीटचा फोटो पाठवला आणि म्हणाली मावशी फोनवर समजावून सांग, उद्या द्यायचं आहे. ग्राफ असा की एक मुलगी सायकलवर घरून निघाली, आडव्या बाजूला वेळ मिनिटांत, उभ्या बाजूला घरापासूनचं अंतर किलोमीटरमध्ये. रेघ चार टप्प्यांची. आधी वर जाते, मग आडवी, मग पुन्हा वर, आणि शेवटी सरळ खाली येऊन टेकते. प्रत्येक टप्प्याचा स्पीड काढायचा. मी सांगायला लागले, "बघ, रेघेचा चढ म्हणजेच स्पीड", आणि पहिल्या टप्प्यापर्यंत गाडी नीट चालली. चौथ्याला ती म्हणाली, "पण मावशी इथे तर उतार आहे, मग चढ कुठून काढू?" आणि मी अडकले. शाळेत तिचे सर हिंदीत ढाल म्हणतात, मला मराठीत ढाल म्हटलं की तलवारीबरोबरची ढालच दिसते. तर बरोबर शब्द कोणता? चढ, ढाळ, उतार, की ते प्रवणता का काय आहे ते?

साइटवरचा, बडोदा
ताई, ढाळ. डोळे मिटून ढाळ म्हणा. आमच्याकडे गुजराती मिस्त्री असो की मराठी गवंडी, दोघांनाही ढाळ बरोबर कळतो. गच्चीला ढाळ दे, बाथरूमचा ढाळ जाळीकडे काढ, असंच बोलतो आम्ही दिवसभर. ड्रेनेजच्या पाइपला साठाला एक ढाळ ठेवला की काम होतं, म्हणजे साठ फुटात एक फूट खाली. तुमची सायकलवाली चौथ्या टप्प्यात ढाळावरून उतरतेय म्हणून स्पीड वाढला असणार, पेडलसुद्धा मारावं लागत नसेल.

राजेंद्रनगरची मावशी
नाही हो दादा, रस्त्याचा उतार नाही तो. रेघ खाली येते म्हणजे घरापासूनचं अंतर कमी होतंय, ती घरी परत येतेय. रस्ता सपाटच धरा. भाचीलाही आधी अगदी हेच वाटलं होतं, म्हणूनच मला वाटतं उतार शब्द घोटाळा करतो.

आकडेमोड
मी सीए करतोय त्यामुळे ग्राफ रोज बघतो. चढच बरोबर, मराठी मीडियमच्या दहावीच्या भूमितीत रेषेचा चढ असाच शब्द आहे आणि तो ऋणसुद्धा येतो. चौथ्या टप्प्यात चढ ऋण, म्हणून चाल ऋण, संपलं. आणि जिथे रेघ जास्त उभी तिथे स्पीड जास्त, एवढं तर फोटोत नुसतं बघूनही कळतं. आकडे काय आहेत?

राजेंद्रनगरची मावशी
आकडे मला जसे वाचता आले तसे देते. पहिला टप्पा ० ते १० मिनिटं, ० वरून २ किमी. मग २५ मिनिटांपर्यंत २ वरच, असं मी म्हणतेय, भाची म्हणते तिथेही रेघ थोडी वर चाललीय म्हणजे मुलगी हळूहळू जातेय, थांबलेली नाही. मग ४० व्या मिनिटाला ६ किमी. आणि ७० व्या मिनिटाला परत ०. तिसऱ्या टप्प्याचं तिने ६ भागिले ४० केलं आणि ताशी ९ किमी लिहिलं. आणि ती म्हणते परत येताना मुलगी पहिल्यापेक्षा हळू आली कारण रेघ जास्त पसरट दिसते. फोटो जरा तिरका आलाय, टेबललॅम्पच्या उजेडात काढलाय.

निवृत्त बाई
मी इंदूरला मराठी शाळेत बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यामुळे हे सगळं ओळखीचं आहे. शब्दाकडे नंतर येते, आधी फोटोकडे.

मावशी, भाचीचं काही चुकत नाहीये, तिला फोटोत जे दिसतं ते ती सांगतेय. फोन हातात थोडा फिरला की कागद स्क्रीनवर तिरका बसतो. इथे उजवी बाजू वर उचलली गेलेली दिसतेय. तसं झालं की आडवी रेघ चढल्यासारखी दिसते, वर जाणारी आणखी उभी दिसते आणि खाली येणारी पसरट दिसते. भाचीने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी या एकाच कारणाने होतात. म्हणून आकडेमोड म्हणतात तसं फोटोत नुसतं बघून स्पीड ठरवू नका. उभी रेघ म्हणजे जास्त स्पीड हे खरं, पण ते एकाच ग्राफमध्ये, कागदावरच्या चौकटींच्या हिशेबाने. स्क्रीनच्या कडेच्या हिशेबाने नाही.

करायचं असं. एका कोऱ्या कागदाची सरळ कड फोनवर त्या आडव्या टप्प्याला लावा आणि बघा शेजारची छापील आडवी रेघ तिच्याबरोबर चालते का. दोन्ही सारख्याच तिरक्या असतील तर तो टप्पा आडवाच आहे, मुलगी थांबलेली आहे, स्पीड शून्य. आणि अंतर पट्टीने स्क्रीनवर मोजायचं नाही. कागद एका बाजूने लांब असेल तर तिकडचे चौकोन लहान येतात, सेंटीमीटर फसवतात. चौकोन मोजायचे, कारण चौकोन आणि रेघ एकाच फोटोत एकत्र वाकडे होतात, त्यामुळे रेघ ज्या कोपऱ्यातून जाते ती त्यातूनच जाताना दिसते.

साइटवरचा, बडोदा
बाई मग पाटीदाराने, म्हणजे माझ्या पार्टनरने, ॲपमधून कोन मोजला होता एकदा फोटोवरून, तसा कोन मोजून नाही का येणार? आम्ही ढाळ तसाच बघतो, लेव्हल ट्यूब नसेल तर.

निवृत्त बाई
नाही दादा, आणि तुमच्या पाइपात आणि या ग्राफमध्ये फरक नेमका इथेच आहे. पाइपात फूट खाली, फूट पुढे, दोन्हीकडे फूटच, म्हणून साठाला एक एवढंच म्हणून भागतं आणि कोनालाही अर्थ आहे. इथे उभ्या बाजूला किलोमीटर, आडव्या बाजूला मिनिटं. उद्या वर्कशीटवाल्याने वेळेची बाजू दुप्पट लांब छापली तर कोन बदलेल, मुलगी तर त्याच स्पीडने चाललीय. म्हणून इथला चढ नेहमी "किती किलोमीटर, दर मिनिटाला" असा बोलायचा. तुमचा ढाळ शब्द मला आवडतो, पण तो कानावर पडला की जमीन डोळ्यासमोर येते, आणि तुमचंही तेच झालं ना, पेडलचं.

आता तिसरा टप्पा. ६ भागिले ४० म्हणजे घरून निघाल्यापासून तिथवरचा सरासरी स्पीड, मधल्या थांबण्यासकट. टप्प्याचा स्पीड हवा तर टप्प्याची दोन टोकं घ्या. अंतर २ वरून ६, म्हणजे ४ किमी. वेळ २५ वरून ४०, म्हणजे १५ मिनिटं. ४ भागिले १५, गुणिले ६०, ताशी १६ किमी. पहिला टप्पा १० मिनिटांत २ किमी, ताशी १२.

चौथ्याला टोकांपेक्षा मधले सोपे बिंदू घ्या, जिथे रेघ छापील रेघांच्या कोपऱ्यातून बरोबर जाते. ५० ला ४ आणि ६० ला २ असे दोन मिळतील बघा. १० मिनिटांत २ किमी कमी, म्हणजे स्पीड ताशी १२, जाताना होता तोच. तिरक्या फोटोत पसरट दिसला तरी तोच.

आकडेमोड
म्हणजे उणे १२ ना? मी तेच म्हटलं, चाल ऋण.

निवृत्त बाई
चढ उणे, हे तुमचं बरोबर. वेगसुद्धा उणे, कारण वेगात दिशा येते, घरापासून लांब ते अधिक, घराकडे ते उणे. पण चाल उणे होत नाही. सायकलला लावलेला मीटर परत येताना उलटा फिरत नाही, तो १२ च दाखवेल. पुस्तकात चाल आणि वेग हे दोन वेगळे शब्द ठेवलेत ते यासाठीच, बोलताना आपण दोन्हीला स्पीडच म्हणतो आणि मग गुंता होतो. प्रश्नात स्पीड विचारलाय, तर उत्तर १२, आणि शेजारी लिहायचं की घराकडे.

आणखी एक, उभ्या बाजूवर काय लिहिलंय ते नीट वाचा. "घरापासूनचं अंतर" असेल तर रेघ खाली येऊ शकते. "एकूण कापलेलं अंतर" असतं तर रेघ कधीच खाली आली नसती.

राजेंद्रनगरची मावशी
बाई, कागदाची कड लावून बघितली. अगदी तुम्ही म्हणालात तसंच, २ किमीची छापील रेघ आणि आमचा टप्पा दोन्ही एकसारखे तिरके, म्हणजे मुलगी थांबलीच होती. भाचीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा तिला पटलं. चौथ्याला ५० आणि ६० चे कोपरे सापडले. पण तिसऱ्याची सुरुवात २५ ला आहे की २६ ला हे कळत नाहीये, बारीक रेघा धूसर आल्यात आणि नेमकी तिथे लॅम्पची चमक पडलीय. २६ धरलं तर ४ भागिले १४, म्हणजे १७ च्या वर जातं. एका मिनिटाने एवढा फरक?

निवृत्त बाई
पडणारच, टप्पा १५ मिनिटांचाच आहे. तिसऱ्या रेघेचा जो भाग स्वच्छ दिसतो त्याला कड लावा आणि ती खाली २ किमीच्या छापील रेघेपर्यंत न्या, जिथे कापेल तो कोपरा. चमकेखालचं बघायची गरज पडत नाही. मात्र फोटोच्या अगदी कडेजवळ असेल तर भरवसा थोडा कमी ठेवा, काही फोन कडेला सरळ रेघही किंचित वाकवतात. जमलं तर सकाळी दिवसाउजेडी बरोबर वरून फोटो काढायला सांगा.

राजेंद्रनगरची मावशी
कड लावून २५ च्या जवळ येतंय, किंचित पुढे. १६ लिहायला सांगितलं. आणि शब्दाचं काय ठरवायचं बाई? "उणे चढ" म्हटलं तर ती हसते.

निवृत्त बाई
मी वर्गात चढच म्हणायचे, अधिक चढ, उणे चढ. हसतात मुलं, पण म्हणूनच लक्षात राहतं. प्रवणता शब्द शुद्ध आहे, अधिक-उणे दोन्हीला चालतो, फक्त पोरांना तो कुठे घरात ऐकलेला नसतो.

साइटवरचा, बडोदा
मी अजूनही ढाळाच्या बाजूने. ढाळ कुठल्याही बाजूला असू शकतो, त्याला उणे म्हणायला जीभ अडखळत नाही. डावीकडे ढाळ, उजवीकडे ढाळ, आम्ही रोजच बोलतो.

आकडेमोड
मला तर उतार पण चालेल, "उतार ०.२" म्हटलं की उणे आपोआप आलं.

राजेंद्रनगरची मावशी
दादा, तुमचं म्हणणं काल पटलं नव्हतं, आज निम्मं पटलंय. पण आकडेमोड, उतार नको, त्यानेच तिला सायकल टेकडीवरून खाली आणली होती. तिने सध्या वहीत "चढ: दर मिनिटाला ०.२ किमी, घराकडे" असं लिहिलंय. पुढच्या प्रश्नात रेघ सरळ नाही, वाकडी आहे, त्याचा फोटो सकाळी टाकते.