बारदान्याचं बिल दोनदा आलंय आणि पार्टीचं बँक खातंही बदललंय. पेमेंट करू की थांबू?

हिशोबवाली_केळापूर
नमस्कार. पांढरकवड्याजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशोब बघते. आम्ही सभासदांचं सोयाबीन साफ करून, प्रतवारी लावून विकतो. बारदाना अकोल्याच्या एका जुन्या पार्टीकडून येतो.

ऑक्टोबरमध्ये दहा हजार पिशव्या आल्या. ट्रान्सपोर्टवाल्यासोबत आलेलं कागदी बिल `AKL/25-26/0118`, तारीख ३ ऑक्टोबर, रक्कम २,४७,८०० रुपये. ते मी टॅलीत टाकलं. मग मेलवर दुसरं बिल आलं, `0118-R`, तारीख १० ऑक्टोबर, रक्कम २,४९,५७०. ते माझ्या सोबतच्या मुलाने टाकलं. आता पार्टीच्या खात्यावर दोन्ही रकमा देणे दिसत आहेत. त्याच मेलमध्ये लिहिलंय की आमचं जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, यापुढे पैसे या नव्या खात्यात पाठवा. सोबत कॅन्सल चेकचा फोटो आहे.

संचालक म्हणतात, जुनी पार्टी आहे, उद्या दोन्ही आरटीजीएस करून मोकळे व्हा. माझं मन धजत नाही. मेलचा पत्ता मी अक्षर न् अक्षर तपासला, तो नेहमीचाच आहे. असं दुहेरी बिल आधीच कसं पकडायचं आणि खात्याची खात्री कशी करायची?

वर्धेकर
ताई, मेलचा पत्ता बरोबर असेल तर अर्धी काळजी मिटली. ठग लोक बहुतेक `m` च्या जागी `rn` असा मिळताजुळता पत्ता वापरतात. आता नव्या खात्यात एक रुपया टाका आणि त्याच मेलला उत्तर देऊन विचारा, मिळाला का. हो म्हणाले की बाकीचे पाठवा. आम्ही दुकानात असंच करतो.

जुना_मुनीम_हिंगणघाट
वर्धेकर भाऊ, मिळत्याजुळत्या पत्त्याचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण तेवढ्यावर पैसे सोडू नका. पार्टीच्या मेलचा पासवर्डच कोणाच्या हाती लागला असेल, तर मेल खऱ्या पत्त्यावरूनच येतो. जुन्या बोलण्याखालीच येतो, बिलाचा नंबरही बरोबर असतो, कारण तो माणूस आतले सगळे मेल वाचत बसलेला असतो. तुम्ही एक रुपया टाकून मेलवर विचाराल, तर "मिळाला" हे उत्तरही तोच देईल. कॅन्सल चेकचा फोटो तर मोबाईलवर बदलता येतो.

ताई, तुमचं मन धजत नाही ते योग्यच आहे. उद्याचं पेमेंट थांबवा. बिलाचं आणि खात्याचं काम वेगवेगळं बघा.

आधी खातं. पार्टीला फोन करा, पण मेलखाली किंवा नव्या बिलावर छापलेल्या नंबरावर नाही. मागच्या वर्षीच्या कागदी बिलावरचा नंबर घ्या, किंवा ज्या नंबरावर तुम्ही बारदान्याची ऑर्डर देता तो. मालकाशी किंवा त्यांच्या मुनिमाशी बोला. खातं तुम्ही वाचून दाखवू नका, "तुमचं चालू खातं कोणतं, शेवटचे चार आकडे सांगा" असं विचारा. आपण वाचून दाखवलं की घाईत समोरचा "हो हो, तेच" म्हणून मोकळा होतो.

मग नव्या खात्याचा आयएफएससी बघा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. शाखा कुठली ते लगेच कळतं. अकोल्याच्या व्यापाऱ्याने दुसऱ्या राज्यातल्या गावात खातं का उघडावं, हा प्रश्न फोनवर सरळ विचारायचा.

कापूसवाला_वणी
मले एक्सेल-फिक्सेल समजत नाही, पण खात्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. गेल्या हंगामात जिनिंगवाल्यानं माह्या कापसाचे पैसे माह्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात टाकले. आमच्या गावात एकाच नावाचे अन् आडनावाचे दोघं आहोत. तो म्हणते मले वाटलं माह्येच चुकारे आले. बँकवाले म्हणतात नंबर तुम्हीच देला. मी तर माह्यं पासबुक देलं होतं! अर्धे भेटले, अर्धे अजून बाकी. आता काय करावं?

जुना_मुनीम_हिंगणघाट
भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण मुळातलं कारण या धाग्यातलंच आहे. एनईएफटी, आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नावावर नाही. तुम्ही पासबुक दिल्याची पोच असेल तर चूक जिनिंगची आहे, बाकीच्या पैशासाठी त्यांनाच लेखी द्या. तुमची काटा पावती आणि त्या दिवसाची सौदापट्टी सोबत जोडा.

ताई, यावरून एक सांगतो. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ ला बँकांना सांगितलं की आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी पाठवणाऱ्याला खातेदाराचं नाव दिसलं पाहिजे. त्यासाठी १ एप्रिल २०२५ ची मुदत होती. नेट बँकिंगमध्ये खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की नाव येतं, शाखेत गेलात तर तिथेही विचारता येतं. यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. फक्त कापूसवाल्या भाऊंसारखं नाव सारखं असेल तर ही सोय कामी येत नाही.

सीए_अमरावती
नावाबद्दल एक भर घालते. नाव जुळलं नाही म्हणजे ठगी, असंही धरू नका. छोट्या पार्टीचं खातं कधी दुकानाच्या नावाने असतं, कधी मालकाच्या. जीएसटी पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये पार्टीचा जीएसटी क्रमांक टाका, मालकाचं नाव आणि दुकानाचं नाव दोन्ही दिसतात. बँकेने दाखवलेलं नाव या दोन्हींपैकी कशाशीच जुळलं नाही, तर मात्र पैसे जाऊ द्यायचे नाहीत.

आता `R` चं बिल. किंमत वाढवायची असेल तर कायद्याने जुन्या बिलावर डेबिट नोट द्यायची असते. सुधारित बिलाची सोय मुख्यतः जीएसटी नोंदणीआधीच्या काळातल्या विक्रीसाठी आहे. तुमच्या दोन बिलांतला फरक १,७७० रुपये आहे, म्हणजे १,५०० आणि त्यावर १८ टक्के. भाडं आधी लावायचं राहून गेलं असावं असा माझा अंदाज. ऑक्टोबरचं जीएसटीआर-२बी १४ नोव्हेंबरला आलंय, त्यात या पार्टीचं कोणतं बिल आहे ते बघा. तिथे एकच असेल तर देणंही एकच.

जुना_मुनीम_हिंगणघाट
मॅडम, `R` लावलेलं बिल मी तरी संशयानेच बघतो. माझ्या नोकरीत जेवढी दुहेरी बिलं सापडली, त्यातल्या बहुतेकांना असंच काही शेपूट होतं.

सीए_अमरावती
बघावंच, पण आपल्याकडचे व्यापारी डेबिट नोटऐवजी सर्रास बिलच बदलून देतात. यावर आपलं एकमत होणार नाही.

हिशोबवाली_केळापूर
२बी बघितलं. त्यात फक्त `0118` आहे, २,४७,८०० चं. पार्टीचा जुना नंबर लागत नाहीये, उद्या परत करते. पण दुहेरी बिल टॅलीत शिरलंच कसं? मी रजिस्टर एक्सेलमध्ये काढून बिल नंबरवर डुप्लिकेट शोधले होते, काहीच रंगलं नाही.

जुना_मुनीम_हिंगणघाट
`AKL/25-26/0118` आणि `0118-R` हे एक्सेलला दोन वेगळे नंबर आहेत, म्हणून रंगलं नाही. रकमेवर शोधलं असतं तरी १,७७० चा फरक होता, तिथेही निसटलं असतं. म्हणून नंबर बाजूला ठेवा. एकाच पार्टीची, पंधरा दिवसांच्या आतली, जवळपास सारख्या रकमेची बिलं शोधा. रजिस्टरमध्ये B मध्ये पार्टीचा जीएसटी क्रमांक, C मध्ये बिलाची तारीख आणि E मध्ये एकूण रक्कम ठेवा:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,">="&C2-15,C:C,"<="&C2+15,E:E,">="&E2*0.99,E:E,"<="&E2*1.01)
```

उत्तर १ पेक्षा जास्त आलं की ती ओळ हाताने बघायची. रकमेत एक टक्का मागे-पुढे सोडलाय, तुमची दोन्ही बिलं त्यात पकडली जातील. ठरावीक माल दर आठवड्याला घेत असाल तर खरी बिलंही दिसतील. मग कागद काढून बघायला पाच मिनिटं लागतील, ती द्यावीत.

पण माझा खरा भर आवक वहीवर आहे. गेटवर माल उतरला की आवक नंबर पडतो ना? टॅलीत बिल टाकताना तो नंबर लिहायचाच, आणि एका आवक नंबरावर दुसरं बिल घ्यायचं नाही. पिशव्या दहा हजारच उतरल्या, ट्रक एकच आला. दुसऱ्या बिलासाठी आवक नंबर शोधताना तुमच्या मुलाचा हात तिथेच थांबला असता.

आणखी एक. दोन्ही पेमेंट गेली असती, `0118` चं जुन्या खात्यात आणि `R` चं नव्या, तर पार्टीला आपले पैसे मिळाले असते. तिने तगाद्याचा फोन केलाच नसता. मार्चमध्ये खाते उतारा जुळवेपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. दुहेरी बिल आणि खातेबदल एकत्र आले की मी म्हणून जास्त घाबरतो.

वर्धेकर
माझ्याकडे सगळ्या पार्ट्यांच्या खात्यांची यादी आहे. एकच खातं दोन पार्ट्यांच्या नावावर आहे का, हे `COUNTIF` ने बघितलं तर भलतीच खाती जुळलेली दिसतात. काय चुकतंय?

जुना_मुनीम_हिंगणघाट
`COUNTIF` लांब आकड्याचे पहिले पंधरा अंकच धरतो. सोळा किंवा सतरा अंकी खात्यांचे शेवटचे अंक वेगळे असले तरी तो एकच समजतो. खात्याचा रकाना आधी टेक्स्ट करा, मगच आकडे भरा, नाहीतर एक्सेल शेवटच्या अंकांचे शून्य करून टाकतं. नंतर हे वापरा:

```
=SUMPRODUCT(--($G$2:$G$500=G2))
```

हिशोबवाली_केळापूर
पार्टीशी बोलणं झालं, जुन्याच नंबरावर, मालकांशी. सीए मॅडम, भाड्याचा तुमचा अंदाज बरोबर निघाला. `R` चं बिल त्यांनीच बनवलं होतं. पण खातं बदललेलं नाही! त्यांच्या मूळ बिलावर जुनंच खातं छापलंय. आमच्याकडे आलेल्या पीडीएफवर खालचा खाते क्रमांक बदललेला आहे आणि खातं बंद असल्याचा मजकूर त्यांनी लिहिलेलाच नाही. टॅलीतून `R` काढलं. ते १,७७० ची डेबिट नोट देणार आहेत. २,४७,८०० आज जुन्या खात्यात गेले.

आता ते म्हणतात, मेल तुमच्याकडूनच फुटला असेल. आम्ही म्हणतो, त्यांच्याकडून.

जुना_मुनीम_हिंगणघाट
भांडू नका, दोघांनीही तपासा. जीमेल असेल तर संगणकावर `Settings` मध्ये `Forwarding and POP/IMAP` आणि `Filters and Blocked Addresses` उघडा. तुम्ही न टाकलेला पत्ता किंवा फिल्टर दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा, मग काढून टाका. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे `Details` असतं, तिथे कुठून कुठून लॉगिन झालं ते दिसतं. पैसे गेले नसले तरी `cybercrime.gov.in` वर तक्रार टाका, तो खाते क्रमांक नोंदला जाईल. पैसे गेले असते तर आधी १९३० ला आणि लगेच बँकेत फोन, तिथे एकेक तास महत्त्वाचा असतो.

हिशोबवाली_केळापूर
आमच्याकडे फिल्टर वगैरे काही सापडलं नाही. पार्टीने अजून बघितलेलं नाही. त्यांचे दुसरे ग्राहकही असतील, त्यांनाही असा मेल गेला असेल का, हे मी त्यांना विचारलंय.

एक अडचण राहतेच. पेमेंट मी भरते आणि संचालक फोनवर ओटीपी सांगतात. ते दिवसभर शेतात असतात, तिथे नेट चालत नाही.

सीए_अमरावती
ओटीपी फोनवर आला की दुसरा माणूस पेमेंट बघतच नाही, फक्त सहा अंक वाचतो. बँकेत अर्ज करून भरणारा आणि मंजूर करणारा अशी दोन लॉगिन घ्या. तुम्ही दिवसा भरून ठेवा, ते रात्री घरी मंजूर करतील. आरटीजीएस आता चोवीस तास चालतं, बँकेची वेळ गाठायची गरज नाही.

हिशोबवाली_केळापूर
हे त्यांना पटेल असं वाटतं. सोमवारी अर्ज घेऊन बँकेत जाते. नव्या खात्याचं पेमेंट मंजूर करताना पार्टीला फोन कोणी करायचा, मी की त्यांनी, ते अजून ठरायचंय.

वर्धेकर
त्यांनी. खातं तुम्हीच भरणार, तर फोन दुसऱ्याने करावा.