मदत हवी आहे: कथेतल्या क्लार्कने मागच्या तारखेच्या नेमक्या कोणत्या कागदावर सही करायची?

वैदेही_लिहिते
लघुकथा लिहिते आहे. बँकेतला क्लार्क, बदलीच्या तोंडावर आलेला मॅनेजर आणि मागची तारीख टाकलेला एक कागद. साहेब म्हणतात, "सही कर, बाकी मी बघतो." पण माझ्या मसुद्यात तो नुसता 'कागद' आहे आणि तिथेच प्रसंग पोकळ वाटतो. भारतातल्या बँकेत असा दबाव कुठल्या कागदासाठी येऊ शकतो? साहेब मला खलनायक करायचे नाहीत.

भटक्या७७
अजिबात सही करू नका! आमच्या ऑफिसात मला मागच्या तारखेचा हजर रिपोर्ट द्यायला लावला होता. चौकशी लागली तेव्हा साहेबांनी सरळ कानावर हात ठेवले. आधी युनियनकडे जा.

वैदेही_लिहिते
अहो, क्लार्क मी नव्हे, कथेतला आहे! पण "कानावर हात" घेतेय.

जुना_लेजर
कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. कर्जाची लेखी कबुली घ्या, आम्ही 'ए.ओ.डी.' म्हणायचो. कर्ज घेताना कर्जदार "मागाल तेव्हा पैसे देईन" असं लिहून देतो, ती डी.पी. नोट. तिच्यावर दावा लावायला तारखेपासून 3 वर्षं असतात. त्याआधी कर्जदाराने "माझ्याकडे इतकी बाकी आहे" असं सही करून दिलं, तर मुदत कायदा 1963 च्या कलम 18 प्रमाणे सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. अट एकच: सही जुनी मुदत संपण्याआधीची हवी.

आता तुमची गोष्ट. डी.पी. नोट 11 ऑगस्ट 2014 ची. मुदत संपते 11 ऑगस्ट 2017 ला. सप्टेंबरात इन्स्पेक्शनचं पत्र येतं, साहेब फायली काढतात आणि त्यांच्या लक्षात येतं की ए.ओ.डी. घ्यायचं राहूनच गेलं. कर्जदार ओळखीचा, तो सही देतो. तारीख पडते 28 जुलै 2017. (2020 नंतरचा काळ घेऊ नका. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने मधला काळ मुदतीतून वगळला होता, त्या हिशोबात कथा अडकेल.)

वैदेही_लिहिते
हे फारच उपयोगी. पण सही कर्जदाराची, मग क्लार्क कशाला?

जुना_लेजर
कायद्याला साक्षीदार लागत नाही. पण साहेबांना तो कागद जुना दिसायला हवा. म्हणून "माझ्यासमक्ष सही केली" याखाली क्लार्कची सही आणि डॉक्युमेंट रजिस्टरात जुलैच्या दोन ओळींमध्ये कोंबलेली एक नोंद. ती नोंद क्लार्कच्याच अक्षरात लागते, कारण वरच्या-खालच्या नोंदी त्याच्याच आहेत.

सी_ए_होऊ_घातलेला
एक सोपा पुरावा सुचवतो. पत्रात बाकीचा आकडा असतो. आज लिहिताना ऑगस्टचं व्याज धरून लिहिला की चोरी पकडली!

जुना_लेजर
कल्पना बरोबर, व्याज चूक. हप्ते 90 दिवसांवर थकले की खातं एनपीए. त्यानंतर व्याज खात्याला नावे टाकत नाहीत, वेगळं नोंदवून ठेवतात. म्हणजे लेजरची बाकी महिनोन्‌महिने तीच राहते. त्यापेक्षा वकिलाच्या नोटिशीचा खर्च वापरा. तो 18 ऑगस्टला खात्याला नावे पडला आणि जुलैच्या पत्रातल्या बाकीत तो आहे. असा आकडा फक्त रोज खातं बघणाऱ्याच्याच डोळ्यांत खुपेल.

सी_ए_होऊ_घातलेला
मान्य. पण मधेच कर्जदाराने थोडे पैसे भरले असतील तर मुदत आपोआप वाढेल ना? मग सगळंच कोसळतं.

जुना_लेजर
आपोआप नाही. कलम 19 ला भरणाऱ्याच्या हस्ताक्षरातला किंवा सहीचा लेखी पुरावा लागतो. त्याने सही केलेली भरणा स्लिप सापडली तर गोष्ट वेगळी. कथेत भरणाच नको.

मीरा_अ
वकील आहे, एकच शंका. मुदत गेल्यावरही कर्जदार सही द्यायला तयार आहे, तर त्याच्याकडून आजच्या तारखेचं "पैसे फेडीन" असं लेखी वचन का घेत नाहीत? करार कायद्याच्या कलम 25(3) खाली ते चालतं. नुसती बाकी कबूल करणं पुरत नाही, फेडण्याचं वचन हवं. पण बँकेचं कर्ज त्याने वाचतं.

वैदेही_लिहिते
थांबा. म्हणजे खोटी तारीख कर्ज वाचवायला नाहीच?

जुना_लेजर
मॅडमनी नेमकं बोट ठेवलं. आजची तारीख टाकली की "मुदत का जाऊ दिली?" हा प्रश्न येतो. मग स्टाफ अकाउंटेबिलिटी, मेमो, अडकलेलं प्रमोशन. साहेब क्लार्कला म्हणतील, "बँकेचं नुकसान टाळतोय रे." हे ते खोटं बोलत नाहीत, त्यांना स्वतःलाही तसंच वाटत असतं.

मीरा_अ
मला नाही तसं वाटत. फायली वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माणसाला आपण कुणाला वाचवतोय हे पक्कं कळतं.

भटक्या७७
आमच्या साहेबांना कळत होतं. लेखी द्या म्हटलं तर हसले होते.

वैदेही_लिहिते
हा वाद साहेबांच्या तोंडी घालता येईल. क्लार्कला 25(3) माहीत नाही, पण नोटिशीचा खर्च दिसलाय. तो सही नाकारत नाही, फक्त म्हणतो, "साहेब, आकडा बदलावा लागेल." हे पटतं का? की यामुळे तोच सामील ठरतो?

जुना_लेजर
ठरतो. आणि साहेबांना नवीन पत्रासाठी पुन्हा कर्जदाराकडे जावं लागतं. या वेळी तो सही द्यायच्या बदल्यात काय मागेल, तेही लिहा.