‘बुल ट्रॅप’ : सापळा की चकवा?

अनुवादिका, रेल्वे लाइन्स
आमच्या वाचनालयासाठी मी नवख्या गुंतवणूकदारांची एक पुस्तिका मराठीत करते आहे. ‘बुल ट्रॅप’साठी मी ‘बैलाचा सापळा’ असे लिहिले आणि ‘तेजीवाल्यांनी इतरांसाठी लावलेला’ असा खुलासा जोडला. भाच्याने तो वाचून सांगितले की, अर्थ नेमका उलटा आहे, तेजीवालेच, म्हणजे भाव चढेल म्हणून घेणारेच, त्यात सापडतात. ‘उंदराचा सापळा’ म्हटले की सापडतो तो उंदीर, हे खरे. पण ‘शत्रूचा सापळा’ म्हटले की तो लावणारा शत्रू असतो. मग वाचकाने ही षष्ठी कशी सोडवावी?

निवृत्त शाखाधिकारी, जुळे सोलापूर
ताई, भाचा बरोबर आहे. एक उदाहरण मांडतो. एखादा समभाग तीन महिन्यांत तीनदा २४० रुपयांपर्यंत गेला आणि तिथूनच परतला. चौथ्या वेळी तो २४७ वर गेला. आता अडथळा मोडला असे समजून नवख्याने २४६ ला शंभर समभाग घेतले, म्हणजे २४,६०० रुपये घातले. त्या दिवशीचा बंद भाव मात्र २४१ राहिला, दुसऱ्या दिवशी तो २४० च्या खाली आला आणि पंधरवड्यात २१४ झाला. वर घेतलेले सगळे अडकले, ३,२०० रुपयांचा तोटा झाला. शिवाय अडकलेले लोक तोटा थांबवण्यासाठी विकू लागतात, म्हणून घसरण आणखी वेग घेते.

त्या दिवशी दोन खुणा दिसत होत्या. भाव दिवसभरात २४७ ला शिवून आला, पण बंद होताना तिथे टिकला नाही. आणि व्यवहार झालेल्या समभागांची संख्या रोजच्यापेक्षा वाढलीच नव्हती. तरीही खऱ्या तेजीतसुद्धा भाव कधी कधी २४० पर्यंत मागे येतो आणि मग वर जातो. त्यामुळे सापळा होता की नाही हे नक्की कळते ते नंतरच.

अडत व्यापारी, मार्केट यार्ड
यात एवढे गूढ काही नाही. मोठे लोक मुद्दाम भाव चढवतात आणि लहानांच्या गळ्यात माल मारतात. आमच्याकडे कांद्याच्या भावाची हूल उठली की शेतकरी माल राखून ठेवतात आणि आवक वाढली की भाव कोसळतो, तसेच हे आहे. सापळा म्हटला की तो लावणारा असलाच पाहिजे.

निवृत्त शाखाधिकारी, जुळे सोलापूर
शेठ, तसे घडते, आणि ते शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीच्या २००३ च्या नियमांप्रमाणे बेकायदा आहे. पण प्रत्येक वेळी कोणी लावलेला असतोच असे नाही. पुष्कळदा पुढे घेणारेच संपतात, एवढेच होते. आणि आपल्याच उदाहरणात शेतकऱ्याला कोणी एकट्याने फसवले नव्हते.

मराठीच्या शिक्षिका, होटगी रस्ता
म्हणूनच मला ‘सापळा’ खटकतो. लावणारा नसेल, तर आपल्याकडे ‘चकवा’ आहे. रानात चकवा लागलेला माणूस पुष्कळ चालतो आणि जिथून निघाला तिथेच येऊन पोहोचतो; भावाचेही तेच झाले आहे. ‘बैल’ तर मुळीच नको. तेजी आणि मंदी हे शब्द आपल्याकडे असताना बैल कशाला आणावा? गड्ड्याच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात बैलाची किंमत होते, पण बैल म्हणजे चढता भाव असे मराठी माणसाला आपोआप सुचत नाही. उलट ‘बैल सापडला’ हे वाचून तो ‘मूर्ख माणूस सापडला’ असेच समजेल. ‘तेजीचा चकवा’ म्हणावे.

निवृत्त प्राध्यापक, अशोक चौक
माझ्या बाबतीत २००८ मध्ये हेच झाले. जानेवारीत सेन्सेक्स २१,००० च्या वर जाऊन कोसळला आणि मेच्या सुरुवातीला पुन्हा साडेसतरा हजारांच्या आसपास आला. मंदी संपली असे समजून मी उरलेले पैसे घातले. ऑक्टोबरअखेर तो दिवसातल्या नीचांकाला आठ हजारांच्याही खाली गेला होता. हाच ना बुल ट्रॅप?

निवृत्त शाखाधिकारी, जुळे सोलापूर
सर, काही जण त्यालाही हेच नाव देतात. मी मात्र ती मंदीतली उसळी म्हणेन. माझ्या मते ओलांडलेली एक ठरावीक पातळी असावी, आणि भाव तिच्याखाली परतावा. तशी पातळी असली की २३७ ला स्टॉप लॉस ठेवून, म्हणजे भाव तिथवर उतरताच विकण्याची सूचना आधीच देऊन, २४६ च्या खरेदीत नऊशे रुपयांच्या तोट्यावर सुटता येते. अर्थात दुसऱ्या दिवशी भाव २३० लाच उघडला, तर सोळाशे जातात.

निवृत्त प्राध्यापक, अशोक चौक
पटत नाही. माझ्या मनात पातळी होतीच, ‘मंदी संपली’ ही. नवख्याला आलेखावरची रेघ दिसत नाही, त्याला अशी समजूतच दिसते.

अनुवादिका, रेल्वे लाइन्स
‘चकवा’ मला आवडला, पण पुढच्याच परिच्छेदात ‘बेअर ट्रॅप’ आहे. तिथे भाव पडणार म्हणून आधी विकून बसलेले अडकतात आणि भाव वर जातो. ‘मंदीचा चकवा’ लिहिले, तर मंदीने चकवले की मंदीवाले चकले? षष्ठी पुन्हा तिथेच आली.

मराठीच्या शिक्षिका, होटगी रस्ता
‘तेजीवाल्यांना चकवा’ आणि ‘मंदीवाल्यांना चकवा’ असे करा. षष्ठी सोडा, चतुर्थी घ्या.

अडत व्यापारी, मार्केट यार्ड
बाई, यार्डात असे कोणी बोलणार नाही. ‘वर घेऊन अडकला’ एवढे म्हटले की सगळ्यांना कळते.